उसनं उत्तर महाग पडतं: दहावीच्या पेपरात या चुका टाळा

मुलांनो, परवा बोर्डाचा गणिताचा पेपर. आज नवीन काही शिकवत नाही, फक्त पूर्वपरीक्षेत दिसलेल्या चुका सांगतो.

पहिली चूक शेजारच्याचं उत्तर उचलण्याची. अंकगणिती श्रेढीचा प्रश्न होता: ५, ९, १३, ... यातलं विसावं पद काढा. एकाच बाकावरच्या दोन पेपरांत उत्तर आलं ८५. खरं उत्तर ८१ आहे. सूत्र tₙ = a + (n − 1)d, म्हणजे ५ + १९ × ४. पहिल्याने १९ ऐवजी २० घेतले आणि दुसऱ्याने ते तसेच उतरवले. मागच्या बाकावरच्या एकीचं उत्तर ७९ होतं, तेही चूकच. पण तिने सूत्र लिहिलं होतं, किमती घातल्या होत्या, फक्त १९ चोक ७४ केलं होतं. तिला दोनपैकी दीड गुण दिले आणि गुणाकारावर लाल गोल केला.

८५ उतरवणाऱ्याला मी बोलावून विचारलं, २० का घेतलेस? तो गप्प. गुण गेले त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्याचं कुठे अडतंय हे त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. पुढे त्याच श्रेढीच्या पहिल्या २० पदांची बेरीज विचारली होती. तिथेही n − 1 लागतो. ८६० ऐवजी त्याचे ९०० आले, आणि ते त्याचे स्वतःचे होते. पहिल्या प्रश्नात तो स्वतः अडला असता, तर हात वर करून मला विचारलं असतं.

सूत्राची शंका आली तर शेजारी बघू नका, n = 1 घालून पाहा. पहिलं पद ५ यायला हवं. a + nd मध्ये ९ येतात, म्हणजे सूत्र चुकलं. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी चूक पान कोरं सोडण्याची. शेवट जमत नसेल तरी दिलेल्या किमती आणि सूत्र लिहा. गुण पायऱ्यांना असतात, कोऱ्या पानावर परीक्षक काय तपासणार?

तिसरी चूक 'मी फक्त दाखवलं' म्हणण्याची. बोर्डाच्या लेखी दाखवणं हाही गैरमार्गच आहे. भरारी पथकाने पकडलं तर प्रश्न त्या दोन गुणांचा राहत नाही, परीक्षेची संपादणूक रद्द होऊ शकते. याउलट, नापास झालात तर पुरवणी परीक्षा आहे. मैत्रिणीला खरंच मदत करायची असेल, तर आज संध्याकाळी तिच्या घरी जा आणि n − 1 कुठून येतो ते समजावून सांगा: विसाव्या पदापर्यंत पोचायला उड्या १९च लागतात.

ज्यांना ८५ आलं होतं, त्यांनी सुट्टीत थांबा. खडू-फळा इथेच आहे.