मुदतीच्या ऑफरचा व्हिडिओ: घाई खरी, यादी पूर्ण

ऑनलाइन कोर्सच्या ऑफरचा व्हिडिओ बहुधा एकाच ठिकाणी कच्चा राहतो: मुदत का आहे, हे कुणी सांगत नाही. ‘फक्त रविवारपर्यंत’ असं ठळक अक्षरांत झळकतं आणि बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, सोमवारी असं काय बदलणार आहे? या प्रश्नाला व्हिडिओत खरं उत्तर असेल, तर आवाज चढवावा लागत नाही, की लाल घड्याळही लावावं लागत नाही. उत्तर नसेल, तर कितीही सफाईदार एडिटिंग केलं तरी ती घाई उसनी वाटते.

इथे एकच उदाहरण धरून पुढे जाऊ. जलरंग शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला तिच्या कोर्ससाठी सव्वा मिनिटाचा उभा व्हिडिओ करायचा आहे. कोर्समध्ये रेकॉर्ड केलेले २४ धडे आहेत, सगळे मिळून ८ तासांचे. नव्या बॅचला त्याशिवाय चार लाइव्ह तास मिळणार आहेत आणि प्रत्येकाची चार चित्रं ती स्वतः तपासून देणार आहे.

आधी मुदतीचं कारण शोधा

कॅमेरा लावण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘मुदत संपल्यावर अमुक मिळणार नाही, कारण तमुक.’ हे वाक्य पूर्ण होत नसेल तर व्हिडिओ करू नका, आधी ऑफर बदला.

आपल्या उदाहरणात कारण हिशेबातूनच निघतं. एक चित्र नीट बघून सूचना लिहायला १० मिनिटं लागतात. ४० विद्यार्थ्यांची प्रत्येकी चार म्हणजे १६० चित्रं, म्हणजे १६०० मिनिटं, जवळपास २७ तास. चार आठवड्यांत विभागले तर आठवड्याला पावणेसात तास. याहून जास्त तिला झेपत नाही, म्हणून जागा ४०. पहिला गृहपाठ सोमवारी दिला जातो आणि उशिरा येणारा पहिल्या चित्रालाच मुकतो, म्हणून नोंदणी रविवारी बंद.

इथे एक गोष्ट उघड होते. मर्यादा चित्रांच्या तपासणीला आहे, धड्यांना नाही. धडे सोमवारीही विकले जाणार आहेत. तेव्हा ‘कोर्स रविवारी बंद’ असं म्हणणं खोटं ठरेल. ‘तपासणीची बॅच रविवारी बंद’ हे खरं आहे, आणि ज्याला चित्रं तपासून हवी आहेत त्याला घाई करायला तेवढं पुरतं.

ऑफर नुसत्या सवलतीची असेल तर कसोटी आणखी कडक लावावी लागते. जी मूळ फी खोडून दाखवता, ती लोकांनी अलीकडे खरोखर भरलेली हवी आणि मुदत संपली की तीच परत लागू व्हायला हवी. दर आठवड्याला तीच सवलत नव्याने ‘शेवटची’ होत असेल, तर ती सवलत नाही, तीच तुमची फी आहे. हा नुसता नीतीचा प्रश्नही नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यापारविषयक निर्देशात खोटी मुदत सांगून लोकांना घाईने निर्णय घ्यायला लावणं निषिद्ध यादीत आहे. भारतात २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांतही खोटी निकड दाखवणं असंच मोजलं आहे.

मग यादी, दोन रकान्यांत

डावीकडे ‘मिळेल’, उजवीकडे ‘मिळणार नाही’. डावा रकाना पटकन भरतो. उजव्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज आणि रिफंडच्या अर्जांतली कारणं काढून बसा. लोकांनी जे गृहीत धरलं आणि जे त्यांना मिळालं नाही, ते सगळं तिथे सापडतं. जलरंगाच्या कोर्सला तीन गोष्टी निघतात: रंग, कागद आणि ब्रश स्वतः आणायचे आहेत, प्रमाणपत्र नाही, आणि चार चित्रांपलीकडे तपासणी नाही.

डाव्या रकान्यातला प्रत्येक शब्द मोजता येईल असा करा. ‘भरपूर लाइव्ह मार्गदर्शन’ऐवजी ‘चार लाइव्ह तास, रविवारी’. ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’ हा शब्द शक्यतो टाळा. कोणाच्या आयुष्यभर, हे तो सांगत नाही, आणि धडे ज्या प्लॅटफॉर्मवर ठेवले आहेत तो उद्या बंदही होऊ शकतो. ‘एक वर्ष’ म्हणा आणि वर्षभर द्या. बोनसची मनाला येईल ती किंमत लावून बेरीज फुगवण्याचा प्रकार तर पूर्ण सोडा. जी पीडीएफ कधी वेगळी विकलीच नाही, तिला किंमत नसते.

स्क्रिप्ट

सावकाश, समजेल असं मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे ७५ सेकंदांत, श्वास आणि थांबे धरून, १२० ते १३० शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिलंत तर तुम्ही धावत बोलाल, आणि धावत सांगितलेली अट लपवल्यासारखी वाटते.

शिक्षिकेची स्क्रिप्ट अशी होईल:

पहिली १४ सेकंदं, हातात डाग पडलेलं चित्र: ‘आकाश रंगवताना असे डाग पडतात? रंग अर्धवट ओला असताना त्यात जास्तीचं पाणी गेलं की हे होतं. पण तुमच्या चित्रात नेमकं कुठे चुकलं, ते चित्र बघूनच सांगता येतं.’

३० सेकंदांपर्यंत, काय मिळेल: ‘या कोर्समध्ये २४ धडे आहेत, एकूण आठ तासांचे. ते वर्षभर कधीही बघा. या बॅचला सोबत चार लाइव्ह तास आहेत, आणि तुमची चार चित्रं मी स्वतः तपासून लेखी सूचना देईन.’

४० सेकंदांपर्यंत, काय मिळणार नाही: ‘रंग, कागद, ब्रश तुम्ही आणायचे. यादी खालच्या लिंकवर आहे, पैसे भरण्याआधी ती बघा. प्रमाणपत्र मिळणार नाही.’

५५ सेकंदांपर्यंत, कारण आणि मुदत: ‘एका चित्राला मला दहा मिनिटं लागतात, म्हणून जागा चाळीसच. नोंदणी रविवारी, १४ जूनला, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होईल. सोमवारी पहिला गृहपाठ.’

शेवटपर्यंत, नंतर काय: ‘सोमवारनंतरही धडे याच फीमध्ये मिळतील, तपासणी मात्र मिळणार नाही. फक्त धडे हवे असतील तर घाई नको. चित्रं तपासून हवी असतील तर रविवारी रात्रीपर्यंत नाव नोंदवा.’

‘घाई नको’ हे वाक्य काढून टाकण्याचा मोह नक्की होईल. ते ठेवाच. ज्याला थांबणं परवडतं त्याला तुम्ही मोकळं करता, आणि ज्याला खरंच आत्ता यायला हवं त्याला कळतं की हे आपल्यासाठी आहे. व्हिडिओतली सगळ्यात मोठी निकड याच वाक्यातून येते.

‘मिळणार नाही’चा भाग मुद्दाम मध्यावर ठेवला आहे. शेवटी, छोट्या अक्षरांत टाकला तर बरेच लोक तिथवर पोहोचतच नाहीत आणि जे पोहोचतात त्यांना ती पळवाट वाटते. शिवाय हा भाग त्याच आवाजात, त्याच वेगाने बोलायचा आणि पार्श्वसंगीतही तेच ठेवायचं.

वेळ सांगताना ‘रविवारी रात्री १२’ कधीच म्हणू नका. शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे, यावरून हमखास गोंधळ होतो. वार, तारीख आणि ११:५९ असं तिन्ही सांगा. विद्यार्थी वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठल्या देशाची वेळ, तेही पडद्यावर लिहा.

चित्रीकरण आणि पडद्यावरची अक्षरं

फोन उभा, १०८० बाय १९२०. खिडकीकडे तोंड करून बसा आणि कॉलरला साधा माइक लावा. यापुढे खर्चाची गरज नाही. अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून संपूर्ण बोलणं कॅप्शनमध्ये हवं. वरच्या पट्टीवर आणि खालच्या साधारण एक चतुर्थांश भागात अ‍ॅपची नावं आणि बटणं येतात. मुदत आणि अटी तिथे गेल्या तर झाकल्या जातात. महत्त्वाचं सगळं मधल्या भागात, उजवी कड मोकळी ठेवून.

एका वेळी पडद्यावर एकच ओळ ठेवा. ‘प्रमाणपत्र नाही’ ही ओळ ‘२४ धडे’ या ओळीइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि तितकाच वेळ दिसली पाहिजे. एडिटिंग झाल्यावर दोन्ही ठिकाणी व्हिडिओ थांबवून हे शेजारीशेजारी ताडून बघा.

मुदतीचं वाक्य मात्र वेगळ्या टेकमध्ये घ्या. तेच वाक्य तीन प्रकारे बोलून ठेवा: तारखेसह, ‘उद्या रात्री’ असं, आणि ‘आज रात्री’ असं. बाकीचा व्हिडिओ तोच ठेवून त्या त्या दिवशी तेवढाच तुकडा बदलायचा. पहिल्या दिवशीच ‘आज शेवटची संधी’ म्हणून चिकटवलेला व्हिडिओ लोक पुढे पाठवत राहतात आणि तीन आठवड्यांनीही तो कुणाच्या तरी फोनवर ‘आज’च म्हणत असतो. तारीख कायम पडद्यावर असेल, तर जुना व्हिडिओ निदान जुना आहे एवढं तरी कळतं.

टाकण्याआधी आणि मुदत संपल्यावर

कोर्सबद्दल काहीच माहीत नसलेल्या तिघांना व्हिडिओ एकदाच दाखवा आणि चार प्रश्न विचारा: काय मिळेल, काय नाही, कधीपर्यंत, नंतर काय. ‘सोमवारी कोर्स बंद होतो’ असं एकानेही सांगितलं, तर शेवटचं वाक्य पुरेसं स्पष्ट नाही. ते पुन्हा रेकॉर्ड करा.

नोंदणीचं पान आणि व्हिडिओ शब्दाला शब्द जुळले पाहिजेत. पानावर घड्याळ लावलं असेल तर ते ठरलेल्या तारखेला बांधलेलं हवं. पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होणारं घड्याळ जाणकार बघणारा दहा सेकंदांत पकडतो. ‘जागा शिल्लक’चा आकडाही खऱ्या नोंदणीवरूनच यायला हवा, ते जमत नसेल तर आकडा दाखवू नका, नुसतं ‘एकूण जागा ४०’ लिहा.

जाहिरात म्हणून चालवणार असाल, तर मंजुरीला एखादा दिवस जाऊ शकतो हे धरा, आणि बंद होण्याची वेळ आधीच भरून ठेवा. जाहिरातीच्या खात्याचा टाइम झोन तपासा. तो दुसऱ्या देशाचा निघाला, तर मुदत संपल्यावरही जाहिरात काही तास चालू राहू शकते.

एकच प्रश्न कमेंटमध्ये तीन-चार वेळा आला, समजा ‘चित्रं पाठवायची कशी?’, तर यादीत तेवढी ओळ राहिली आहे. उत्तर कमेंटमध्ये पिन करा आणि पुढच्या तुकड्यात बोलून घाला.

४० जागा शुक्रवारीच भरल्या, तर रविवारची वाट बघू नका. त्याच क्षणी जाहिरात थांबवा, पानावर ‘तपासणीची बॅच भरली, धडे उपलब्ध’ असं लिहा आणि व्हिडिओ काढून टाका. उलट रविवारी २५ जणच आले, तरी मुदत वाढवू नका. पंधरा जागांची फी बुडते खरी, पण एकदा वाढवलेली मुदत पुढच्या प्रत्येक बॅचला लोक लक्षात ठेवतात आणि मग ११:५९ पर्यंत कुणीच हलत नाही. सर्व्हर बंद पडला किंवा पैसे स्वीकारले जात नव्हते, असं खरं कारण असेल, तरच वाढवा. कारण आणि नवी वेळ दोन्ही लिहा, आणि आधीच आलेल्यांनाही ते कळवा.