मठ्ठा, जुलाब आणि खिशातली गोळी

पुण्याहून मेळघाटाजवळच्या गावी लग्नाला गेलो. दुसऱ्या दिवशी पाण्यासारखे सहा जुलाब. (मठ्ठ्यातला बर्फ, दुसरं काय!) खिशात अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक होतं, पण ताप नव्हता, शौचात रक्त नव्हतं, म्हणून घेतलं नाही. मावशी म्हणाली, "आधी पानी पी बापा!" ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण कालवलं, अंदाजाने अर्धं टाकलं की प्रमाण चुकतं. दर जुलाबानंतर पेलाभर, घोटघोट. सोबत वरण-भात. संध्याकाळी लघवी फिकट झाली, दीड दिवसात पोट सावरलं. गोळी लागलीच नाही.

मावसभावाला मात्र थंडी-ताप आला, शौचात आव-रक्त दिसलं. डॉक्टरांनी ओआरएस चालूच ठेवून अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एक, तीन दिवस दिलं. त्याच्याकडची जुलाब थांबवणारी लोपेरामाइड बंद केली. ताप-रक्त असताना जुलाब अडवणं धोक्याचं.