'आकर्षक पगार' नको, आकडा लिहा

"व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, आकर्षक पगार" असे बोर्ड भोसरीत गल्लोगल्ली दिसतात. अनुभवी माणूस ते वाचून पुढे जातो. त्याऐवजी असं लिहा: "व्हीएमसी, फॅनुक कंट्रोल. ऑफसेट घेता यावेत, प्रोग्रामिंग आम्ही शिकवू. पीएफ-ईएसआय कापून हातात १८,०००. ओव्हरटाइम दुप्पट दराने. पगार ७ तारखेच्या आत."

यातला हातात येणारा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ओव्हरटाइम धरून तो फुगवलात, तर पहिल्याच स्लिपला फरक दिसतो. मग माणूस जातोच, वर आयटीआयच्या ग्रुपवर कंपनीचं नाव टाकून जातो. रात्रपाळी असेल तर तीही लिहा. अर्ज कमी येतील, पण आलेले टिकतील. आणि नाकारलेल्यालाही दोन दिवसांत फोन करा, पुढचा फिटर बहुधा तोच पाठवतो.