रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ आलंय? या चुका टाळा

आनुवंशिक कॅन्सरच्या पॅनेलचा, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकं तपासणाऱ्या टेस्टचा रिपोर्ट हातात आला की पेशंट आधी जनुकाचं नाव वाचतात. ‘बीआरसीए२’ दिसलं की दोष सापडला असं धरून चालतात. आधी वर्ग वाचा. रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी असे पाच वर्ग असतात. व्हीयूएस हा त्यातला मधला, म्हणजे अनिश्चित. जनुकात बदल दिसलाय, पण त्याने धोका वाढतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा आज नाही. पुढे ज्यांचा वर्ग बदलतो, त्यातले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. तेवढ्यावरून बीजांडकोश काढायची तारीख घेऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घरच्यांना तेवढ्याच बदलासाठी तपासणं. डोंबिवलीच्या एका बाईंना छेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. आईलाही पन्नाशीच्या आत झाला होता. पॅनेलमध्ये बीआरसीए२चा एक व्हीयूएस निघाला, बाकी काही नाही. रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आणि बोरिवलीच्या धाकट्या बहिणीने परस्पर तेवढीच टेस्ट करून घेतली. ‘आढळला नाही’ आलं. ‘‘मॅडम, माझं निगेटिव्ह आहे, आता मॅमोग्राफी कशाला?’’ असं विचारत ती माझ्यासमोर बसली, तोवर तपासणी बंदही केली होती. समुपदेशन न करता अशी टेस्ट करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ताईत रोगकारक बदल सापडला असता आणि हिच्यात तो नसता, तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ होता: घरातलं कारण हिच्याकडे आलं नाही. इथे कारणच सापडलेलं नाही. त्यामुळे तो बदल हिच्यात असला काय, नसला काय, धोका मोजायचा तो आई आणि ताईच्या आजारावरून. मी वंशावळ पुन्हा काढली, दोघींची निदानाच्या वेळची वयं लिहिली आणि तिला स्तनरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मॅमोग्राफी पुन्हा सुरू झाली. नातेवाइकांचे नमुने कधीकधी लागतात, पण ते कॅन्सर झालेल्या कोणाकोणात तो बदल आहे हे पाहायला, लॅबने मागितल्यावर. त्यावर कोणाचे उपचार ठरत नाहीत.

‘जास्त जीन, जास्त खात्री’ म्हणून मोठं पॅनेल मागू नका. जनुकं वाढली की व्हीयूएसही वाढतात. त्यात जगभरच्या डेटाबेसमध्ये भारतीयांची माहिती कमी, म्हणून आपल्याकडे ते आणखी दिसतात.

ClinVar या जनुकबदलांच्या खुल्या डेटाबेसवर शोधताना शेजारच्या बदलाची माहिती आपली समजू नका, ‘c.’ पासून सुरू होणारी नोंद अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे.

फोटोवर भागवू नका, पूर्ण पीडीएफ जपून ठेवा. वर्ग बदलला तरी लॅब स्वतःहून कळवेलच असं नाही. माझ्या पेशंटना मी वर्षातून एकदा विचारायला लावते, आणि घरात नव्याने कोणाला कॅन्सर झाला तर लगेच.