ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहताना एसएलएचं घड्याळ कसं थांबवावं

तिकीट सोडवायला आठ तासांची मुदत आणि ग्राहकाने लागणारी माहितीच दिलेली नाही, अशा वेळी घड्याळ थांबवायचं असतं. ते थांबवायचं कसं, हे कुणीही सांगतं. परत चालू कसं करायचं, याबद्दल मात्र ‘उत्तर आलं की स्टेटस बदला’ एवढ्यावर बोळवण करतात. हा सल्ला चुकीचा आहे. खाली उदाहरण जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटचं घेतलं आहे.

प्रोजेक्टच्या एसएलए सेटिंगमध्ये Time to resolution उघडा, घड्याळ थांबवण्याच्या अटींमध्ये Waiting for customer हे स्टेटस निवडा आणि सेव्ह करा. पहिल्या प्रतिसादाच्या एसएलएला ही अट लावू नका. तक्रार पोचली एवढं कळवायला ग्राहकाकडून कसलीच माहिती लागत नाही.

आपण ग्राहकाला दिसणारी कॉमेंट टाकली की स्टेटस आपोआप Waiting for customer होतं, असा ऑटोमेशनचा नियम लावलेला असेल तर तो बंद करा. त्याने ‘बघतो आहोत’ एवढं लिहिलं तरी घड्याळ थांबतं. नेमका प्रश्न विचारला असेल तेव्हाच इंजिनिअरने स्वतःच्या हाताने स्टेटस बदलावं.

आता घड्याळ परत चालू करण्याचा टप्पा. मलाही सगळ्यात जास्त त्रास यानेच दिला. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याचं तिकीट धरा. पट्टी छापताना हमालीची रक्कम चुकते, अशी तक्रार सोमवारी ११ वाजता आली. कामाची वेळ १० ते ६, मुदत ८ तास. साडेबाराला आपण चुकलेल्या पट्टीचा फोटो मागितला आणि घड्याळ थांबवलं. दीड तास गेला, साडेसहा उरले. अडत्याने ३ वाजता फोटो पाठवला, पण इंजिनिअर मिरजेला दुसऱ्या दुकानात होता. त्याने तो मंगळवारी ११ वाजता पाहिला आणि तेव्हा स्टेटस बदललं.

आता जिरा मुदत दाखवेल मंगळवारी साडेपाच. खरी मुदत मात्र दीड वाजताच संपते, कारण सोमवारचे तीन तास आणि मंगळवारचा एक तास फोटो आपल्याकडेच पडून होता. काम ४ वाजता झालं तर रिपोर्टमध्ये ते वेळेत दिसेल, अडत्याच्या हिशेबाने अडीच तास उशिरा. तो वाद घालायला आला तर त्याचंच म्हणणं बरोबर असेल.

म्हणून घड्याळ चालू करणं माणसावर सोडू नका. ग्राहकाची कॉमेंट आली आणि स्टेटस Waiting for customer असेल, तर ते लगेच Waiting for support करा, असा नियम लावा. ‘उद्या पाठवतो’ एवढंच उत्तर आलं तरी घड्याळ चालू होईल, अशी तक्रार तुमचेच लोक करतील. होऊ द्या. इंजिनिअरने वाचावं आणि परत थांबवावं, त्यात फार तर थोडी मिनिटं जातात. उलट ‘कामाचं’ उत्तर ओळखणारा नियम लिहायला गेलात, तर खरं उत्तर निसटून तिकीट दिवसभर झोपून राहील. फक्त ‘सुट्टीवर आहे’ छापाची आपोआप येणारी मेल मात्र मेल घेतानाच गाळा.

एवढं करूनही दोन वाटा उघड्या राहतात. तिकीट मालकाच्या नावाने असतं आणि उत्तर दिवाणजी स्वतःच्या मेलवरून देतात. ते त्या तिकिटात न येता नवं तिकीट होऊन बसू शकतं. म्हणून प्रश्न विचारतानाच दिवाणजींना तिकिटात सहभागी म्हणून जोडा. दुसरी वाट फोन आणि व्हॉट्सॲपची. आपल्याकडे बरेच व्यापारी मेलला उत्तर देतच नाहीत, फोटो थेट इंजिनिअरच्या मोबाइलवर टाकतात. तो आला त्याच क्षणी तिकिटाला जोडायचा आणि स्टेटस हाताने बदलायचं. संध्याकाळी एकदम नोंदी केल्या तर चालणार नाही, कारण स्टेटस बदलण्याची वेळ जिरात मागे नेता येत नाही. हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही.

रोज सकाळी ही यादी काढा:

```
"Time to resolution" = paused() AND updated <= -1d ORDER BY updated ASC
```

थांबलेली आणि दिवसभर कुणी हात न लावलेली तिकिटं यात दिसतात. आपण अंतर्गत नोंद टाकली तरी तिकीट या यादीतून दिवसभरासाठी बाहेर जातं, तेव्हा नुसती ‘वाट पाहतोय’ अशी नोंद टाकू नका. प्रत्येक तिकिटाच्या ग्राहकाला फोन करा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुम्ही आमच्यापैकी कुणाला काही पाठवलंय का?’