शेअर जप्ती आणि पुनर्विक्रीच्या नोंदी: या चुका टाळा

समजा, शेअरची दर्शनी किंमत १० रुपये आणि अधिमूल्य २ रुपये. अर्जाबरोबर ३, वाटपाला अधिमूल्यासह ५, पहिल्या आणि अंतिम हप्त्याला प्रत्येकी २ रुपये मागितले. ३०० शेअरच्या एका धारकाने शेवटचे दोन्ही हप्ते भरले नाहीत, म्हणून ते शेअर जप्त झाले. थकीत हप्ते १,२०० रुपये.

पहिली चूक इथेच होते. धारकाने शेअरमागे ८ रुपये दिले, म्हणून शेअर जप्ती खात्याला २,४०० रुपये जमा केले जातात. त्यातले २ रुपये मात्र अधिमूल्याचे आहेत. एकदा वसूल झालेले अधिमूल्य जप्तीमुळे रद्द होत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५२ ने त्या रकमेचा वापर ठरावीक कामांपुरताच ठेवला आहे. म्हणून बरोबर नोंद अशी: भागभांडवल खाते नावे ३,०००, थकीत हप्ते खाते जमा १,२००, शेअर जप्ती खाते जमा १,८००.

धारकाने वाटपाचे पैसेच दिले नसते तर गणित बदलले असते. मग न मिळालेले ६०० रुपयांचे अधिमूल्यही नावे टाकावे लागते, थकबाकी २,७०० होते आणि जप्ती खात्यात फक्त अर्जाचे ९०० उरतात. अंतिम हप्ता मागण्याआधीच जप्ती झाली, तर भागभांडवल १० ने नव्हे, मागितलेल्या ८ रुपयांनीच नावे करायचे. हे हमखास विसरले जाते.

आता पहिल्या उदाहरणातले २०० शेअर पूर्ण भरणा झालेले म्हणून ७ रुपयांना पुन्हा विकले. बँक नावे १,४००, शेअर जप्ती नावे ६००, भागभांडवल जमा २,०००. सूट शेअरमागे जप्त झालेल्या ६ रुपयांपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे विक्रीचा भाव ४ रुपयांच्या खाली जाणार नाही.

सर्वात महागात पडणारी चूक यानंतरची. १,८०० मधून ६०० वजा करून उरलेले १,२०० सरळ भांडवली राखीव निधीला नेले जातात. पण विकले गेले २०० शेअर. त्यांच्या वाट्याची जप्त रक्कम १,२००, त्यातून सूट ६०० गेली, म्हणून निधीला ६०० च जातील. उरलेल्या १०० शेअरचे ६०० रुपये जप्ती खात्यातच राहतात आणि ताळेबंदात भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवले जातात. पडताळा सोपा आहे: खात्यातली शिल्लक भागिले न विकलेले शेअर केले की शेअरमागची जप्त रक्कम, इथे ६ रुपये, यायला हवी.

नोंदी बरोबर असूनही जप्ती टिकत नाही, याचे कारण बहुधा नोटीस असते. कंपनी कायद्यातली नमुना नियमावली, म्हणजे तक्ता एफ, लागू असेल, तर नोटीस पोहोचल्यापासून किमान १४ दिवसांची मुदत आणि न भरल्यास शेअर जप्त होऊ शकतील असा स्पष्ट उल्लेख लागतो. मुदत संपल्यावर संचालक मंडळाचा ठरावही हवा. तो ठराव होईपर्यंत जप्तीची नोंद करू नका, रक्कम थकीत हप्त्यांतच दाखवा.