नफा ४० लाखांचा, खात्यात ३ लाख: पैसा कुठे गेला ते कसे शोधावे

बिल फाडले की विक्री नफ्यात धरली जाते, पैसे मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतात. मधल्या दिवसांत पगार, वीजबिल, कच्चा माल थांबत नाही. जीएसटीसुद्धा बिलाच्या तारखेवर भरायचा, वसुलीवर नाही. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची साखळी अनेक वर्षे नफा दाखवत होती आणि १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा पैसा उधारीत आणि मालात अडकला होता.

समजा, भोसरीतली एक छोटी कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. करानंतरचा नफा ४० लाख. तिचे रोख प्रवाह पत्रक असे वाचा.

आधी नफ्यात घसारा मिळवा. तो १० लाख आहे, पण तो कागदावरचा खर्च, खिशातून काही गेले नाही. झाले ५० लाख. आता दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. गिऱ्हाइकांकडचे येणे ६० लाखांवरून १२० लाखांवर गेले, म्हणून ६० लाख वजा. गोदामातला माल २५ लाखांनी वाढला, तेही वजा. पुरवठादारांचे देणे १५ लाखांनी वाढले. तेवढे पैसे आपल्याकडेच राहिले, म्हणून अधिक. उत्तर उणे २० लाख. म्हणजे धंद्यातूनच पैसा बाहेर गेला.

पुढे नवे मशीन ३५ लाखांचे. कर्ज ३० लाख मिळाले, जुने १० लाख फेडले. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात ३८ लाख होते, शेवटी ३ उरले.

मालक मशीनला दोष देतील. मला तो पटत नाही. येणे किती दिवसांचे आहे ते काढा: येणे भागिले रोजची सरासरी विक्री (सोपे जावे म्हणून इथे जीएसटी बाजूला ठेवला आहे). गेल्या वर्षी रोजची विक्री १ लाख होती, म्हणजे येणे ६० दिवसांचे. यंदा ती १.२ लाख झाली आणि येणे १०० दिवसांचे. वसुली ६० दिवसांतच होत राहिली असती, तर येणे ७२ लाख असते. धंदा वाढल्यामुळे अडकले फक्त १२ लाख. उरलेले ४८ लाख वसुली ढिली पडल्यामुळे. ते वेळेवर आले असते तर उणे २० ऐवजी अधिक २८ लाख दिसले असते, आणि मशीन सहज पेलले असते.

एक मर्यादा ध्यानात ठेवा: हे दिवस सरासरीचे आहेत. एकच मोठे गिऱ्हाईक सहा महिने थकले असेल, तरी बाकीच्यांच्या वेळेवर येणाऱ्या पैशांत ते लपते. म्हणून बिलांची वयानुसार यादी काढा. ९० दिवसांपेक्षा जुनी बिले बँका कॅश क्रेडिटची उचल ठरवताना सहसा धरत नाहीत, त्यामुळे वसुली रखडते तेव्हाच उचलही आटते. पहिला फोन त्या बिलांसाठी करा.